पाच मिलिमीटरचा हिशेब

१,७२,१५५ मुतखडे! एका माणसाचे, एका मूत्रपिंडातले, एकाच शस्त्रक्रियेत साधारण तीन तासांत काढलेले. हे घडलं २००९ साली आपल्या धुळ्यात, आणि त्याची नोंद गिनीज बुकात आहे. सेकंदाला एक याप्रमाणे ते नुसते मोजायचे म्हटले, तर सोमवारी सकाळी आठला बैठक मारलेला माणूस बुधवारी सकाळी आठच्या सुमारास उठेल, तेही मधे डोळा न लावता. वानखेडेवर एका खुर्चीवर एक खडा ठेवत गेलात, तर पाच वानखेडे काठोकाठ भरतील आणि सातेक हजार खडे तिकीट असूनही गेटबाहेर ताटकळतील.

दुसरं टोक पाहा. २०२३ साली कोलंबोच्या लष्करी रुग्णालयात एकच खडा काढला, त्याचं वजन ८०१ ग्रॅम आणि लांबी १३ सेंटिमीटरहून जास्त. माणसाचं धडधाकट मूत्रपिंड भरतं दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मूत्रपिंडात पाच मूत्रपिंडांच्या वजनाचा धोंडा बसला होता!

पण हे झाले जत्रेतले खेळ. तुमच्या-आमच्या घरात सोनोग्राफीच्या कागदावर येतो तो पाच मिलिमीटरचा खडा. तुरीच्या डाळीएवढा. खरे अवाक करणारे आकडे त्याच्या पोटात दडलेत. आणि ते उलगडले की एक गोष्ट लख्ख दिसते: ‘मुतखडा झालाय, काय खाऊ नको?’ हा प्रश्नच अर्धा आहे. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक ॲसिडचा, हे कळल्याशिवाय ताटातला एक पदार्थही हलवू नये.

आधी कारखाना बघू. दोन्ही मूत्रपिंडं मिळून रोज १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात जातो आणि दीडेक लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. रोजचे १८० लिटर, वर्षाचे ६५,७०० लिटर, सत्तर वर्षांच्या आयुष्यात ४६ लाख लिटर! वीस फूट रुंदीची आणि तेहतीस फूट पाण्याची विहीर घ्या. अशा सोळा विहिरी एक माणूस गाळून जातो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत गाडी आठवते? पन्नास वाघिणी आणि २५ लाख लिटर पाणी घेऊन ती धावायची. अशा दोन गाड्या जवळजवळ भरतील इतका द्रव प्रत्येकाच्या कमरेमागून जातो. आणि तो गाळणाऱ्या नळ्या किती? प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख, दोन्ही मिळून वीस लाख. एकेक नळी धरा पाच सेंटिमीटर. टोकाला टोक जोडलं की होतात शंभर किलोमीटर. सीएसएमटीपासून निघालात तर थेट कर्जत! पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं जोडतात तिथपर्यंत.

एवढ्या अफाट वाहतुकीत एक खडा बनायला किती माल लागतो? इथे पहिला धक्का बसतो. पाच मिलिमीटरचा कॅल्शियम ऑक्झलेटचा गोल खडा भरतो सुमारे १४० मिलिग्रॅम. त्यात कॅल्शियम असतं फक्त ३८ मिलिग्रॅम. मूत्रपिंडं रोज दहा ग्रॅमच्या घरात कॅल्शियम गाळतात, म्हणजे मिनिटाला सात मिलिग्रॅम. भागाकार करा. माणसाला गुडघ्यावर आणणाऱ्या त्या खड्यात साडेपाच मिनिटांचं कॅल्शियम आहे! कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तेवढं कॅल्शियम नळ्यांतून जाऊन परतही आलेलं असतं.

ऑक्झलेटचं मात्र तसं नाही. खड्यात ते ८५ मिलिग्रॅम असतं, आणि लघवीतून रोज जातं फक्त तीस-चाळीस मिलिग्रॅम. म्हणजे दोन-तीन दिवसांची कमाई. या जोडीत कॅल्शियम शेकड्यांनी आणि ऑक्झलेट थोडंसं. त्यामुळे ऑक्झलेट जरा वाढलं तरी पारडं झुकतं. आणि झुकायला वेळ लागत नाही, कारण कॅल्शियम ऑक्झलेट हा विरघळायला महा कंजूस पदार्थ आहे. एक लिटर साध्या पाण्यात तो सहा-सात मिलिग्रॅमच विरघळतो. आपला डाळीएवढा खडा विरघळवायला पाण्याचा वीस लिटरचा अख्खा जार लागेल! लघवीत सायट्रेट वगैरे सांभाळून घेणारी मंडळी असतात म्हणून रोजचं निभावतं, पण बहुतेकांची लघवी या क्षाराने आधीच तुडुंब असते. तुडुंब भरलेल्या एसटीत आणखी प्रवासी घुसत नाहीत, तसा त्या लघवीत जुना खडाही विरघळत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा विरघळवणारी गोळी आजतागायत निघालेली नाही ती यामुळेच.

मग कुळथाच्या कढणाने आणि पानफुटीच्या पानाने गावोगाव खडे ‘विरघळतात’ ते कसे? पाच मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश आपोआप पडतात. त्या दिवसांत जे काही पोटात गेलं असेल, त्याच्या नावावर पावती फाटते. कुळथाचं कढण मला स्वतःला आवडतं, त्यातून पाणीही जातं. पण श्रेय वाटताना हा दोन-तृतीयांशाचा आकडा जवळ ठेवावा.

आणि तो आपोआप पडतो म्हणजे काय वेगाने पडतो, हेही बघाच. मूत्रवाहिनी तीसेक सेंटिमीटर लांब, शाळेतल्या फुटपट्टीएवढी. आतली वाट तीन-चार मिलिमीटरची आणि पाहुणा पाच मिलिमीटरचा. चार ते सहा मिलिमीटरच्या खड्याला हा प्रवास पुरा करायला सरासरी बावीस दिवस लागतात. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड सेंटिमीटर. याच चालीने हा खडा मुंबईहून पुण्याला निघाला, तर दीडशे किलोमीटरला त्याला तीस हजार वर्षं लागतील! मधे ताप आला, हुडहुडी भरली किंवा लघवी बंद झाली, तर मात्र एक तासही वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

आता ताटाकडे वळू. खड्यांच्या दुनियेत कॅल्शियमवाल्यांचं बहुमत आहे. दहातले सात-आठ खडे मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटचे, आणि दहातला एखादाच युरिक ॲसिडचा. एका पंगतीला बसलेले दोन साडू कल्पूया. दोघांनाही पाच मिलिमीटरचे खडे होऊन गेलेत. थोरल्यांचा कॅल्शियम ऑक्झलेटचा, धाकट्यांचा युरिक ॲसिडचा. सासूबाई वाढायला येतात आणि दोघांनाही एकच हुकूम सोडतात.

“जावईबापू, कोशिंबीर बाजूला ठेवा. टोमॅटोच्या बियांनीच खडे होतात. आणि दूध-दही अजिबात नको, त्यात कॅल्शियम असतं. ही पालकाची पातळ भाजी घ्या, रक्त वाढतं.”

चार वाक्यांत तीन सल्ले, आणि थोरल्या जावयाच्या बाबतीत तिन्ही उलटे! आकडे लावू. शिजवलेल्या पालकाच्या अर्ध्या कपात, म्हणजे लहान वाटीभर भाजीत, सुमारे ७५५ मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. मध्यम टोमॅटोत किती? सात मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका वाटी पालकाची बरोबरी करायला एकशे आठ टोमॅटो खावे लागतील! जपमाळेत जितके मणी, तितके टोमॅटो. दहा किलोंवर वजन, बाजारातला निम्मा क्रेट. टोमॅटोच्या बियांचा मुतखड्याशी काही संबंध नाही. बी आतड्यातून जाते, मूत्रपिंडाकडे तिची वाटच नाही. तरी तिच्यावरचा आरोप पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि खरा आरोपी पालक मात्र वाटीत मानाने बसलाय.

पालकाच्या सोबतीला अळू आहे. ते खाऊन घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. खड्यातलाच पदार्थ, पानात सुईच्या रूपात! राजगिऱ्याची पानं, माठ, बीट आणि बदाम हेही या यादीत येतात. रोज सकाळी मूठभर भिजवलेले बदाम चावणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत, कारण मूठभर बदामांत ऑक्झलेट शंभर मिलिग्रॅमच्या वर जातं. कोथिंबीर, मेथी, दुधी, कोबी, फ्लॉवर अशा भाज्यांना घाबरायचं कारण नाही.

आता दूध-दही. कॅल्शियमचा खडा, म्हणून कॅल्शियम बंद, हे इतकं सरळ वाटतं की डॉक्टरही कित्येक वर्षं तेच सांगत. मग १९९३ साली अमेरिकेतल्या ४५,६१९ पुरुषांच्या आहाराचा चार वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. एक खचाखच भरलेलं वानखेडे, आणि वर आणखी बारा हजार माणसं! निकाल उलटा लागला. आहारातून सर्वांत जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खड्यांचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होता. पुढे २००२ साली इटलीतली चाचणी आली. वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणारे, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे १२० पुरुष, दोन गट, पाच वर्षं. एका गटाला कॅल्शियम तोडून दिवसाला ४०० मिलिग्रॅमवर आणलं. दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम पुरेपूर दिलं, पण मीठ आणि मांसाहार कमी केला. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या साठांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या फक्त १२ जणांना.

कारण आतड्यात आहे. जेवणातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्झलेटला तिथेच धरतं आणि दोघं हातात हात घालून शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकाट सुटतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात येऊन जोडीदार शोधतं. वाटीभर पालकातलं ७५५ मिलिग्रॅम ऑक्झलेट सगळंच्या सगळं बांधायला हवं सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे मोठा ग्लासभर दूध किंवा दोन वाट्या दही. म्हणून थोरल्या साडूंनी दही खायचं, आणि जेवताना खायचं. जेवण होऊन तीन तासांनी घेतलेल्या दुधाला हे काम जमत नाही, कारण तोवर पाहुणा पुढे निघून गेलेला असतो. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या उपाशीपोटी घेतल्या तर ऑक्झलेट न बांधताच लघवीतलं कॅल्शियम वाढवतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

मग थोरल्यांनी सोडायचं काय? मीठ! चमचाभर मीठ, म्हणजे सहा ग्रॅम, जास्तीचं पोटात गेलं की लघवीतलं कॅल्शियम सुमारे ४० मिलिग्रॅमने वाढतं. आपल्या खड्यात कॅल्शियम किती होतं? ३८. एका चमचा मिठामागे एका खड्याचं कॅल्शियम! लोणचं, पापड, फरसाण, वरून भुरभुरलेलं मीठ, असं करता करता हा चमचा कधी भरतो ते कळतही नाही. लिंबू सरबत प्यायला सांगतात ते लिंबातल्या सायट्रेटसाठी. त्यात आपण सढळ हाताने मीठ घालतो आणि एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतो.

आता धाकटे साडू. इथे सगळा खेळच बदलतो. यांच्या खड्यात कॅल्शियम नाही, ऑक्झलेटही नाही. साध्या एक्स-रेत हा खडा दिसतसुद्धा नाही, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. वजन, मधुमेह आणि गाउट या तिघांशी याची जुनी सोयरीक. पालकातल्या ऑक्झलेटने यांचं काही बिघडत नाही. सासूबाईंची भाजी यांनी खुशाल खावी, भाज्या-फळांनी लघवीची आम्लता उलट कमी होते. यांचं वैर मटण, कलेजी, तारली, सुकट यांच्याशी, आणि ‘खडा धुऊन निघतो’ म्हणून प्यायल्या जाणाऱ्या बिअरशीही. हे पदार्थ युरिक ॲसिड वाढवतात, आणि मांसाहार लघवी आम्लही करतो. थोरल्यांनाही मटण मोजकंच बरं, पण धाकट्यांना ते दोन्ही बाजूंनी नडतं.

तरी खरी किल्ली आहे लघवीचा पीएच. हा आकडा एकाने खाली आला की आम्ल दहापट वाढतं. पीएच ५ असेल, तर एक लिटर लघवीत युरिक ॲसिड जेमतेम दीडशे मिलिग्रॅम मावतं. पीएच साडेसहा केला की तीच लघवी १२०० मिलिग्रॅमच्या वर सामावून घेते. फरक दीडाचा, आणि जागा आठपट!

धाकट्यांचा हिशेब मांडू. रोज युरिक ॲसिड ६०० मिलिग्रॅम, लघवी एक लिटर, पीएच ५. मावणार दीडशे, उरले साडेचारशे. यांचा पाच मिलिमीटरचा खडा भरतो सुमारे १२० मिलिग्रॅम. म्हणजे एका दिवसाच्या उरलेल्या मालात, निदान कागदावर, पावणेचार खड्यांचा ऐवज. नशीब की त्यातला बराचसा बारीक रवा होऊन वाहून जातो.

उपाय एकेक करून बघा. मटण पूर्ण सोडलं आणि ६०० चे ४५० झाले, तरी दीडशेच्या लिटरात ते मावत नाहीत. पाणी वाढवून लघवी अडीच लिटर केली, तर लिटरमागे २४० आले. तरीही मावत नाहीत! दोन्ही केलं तर लिटरमागे १८०, अजून थोडं बाहेरच. आता काहीही न बदलता फक्त पीएच साडेसहा करा. ६०० मिलिग्रॅम एका लिटरात निवांत मावतात, आणि तेवढीच जागा शिल्लक राहते, जुन्या खड्याने विरघळून यावं म्हणून. हे काम पोटॅशियम सायट्रेट करतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रक्तातलं पोटॅशियम तपासूनच घ्यायचं, मूत्रपिंड अशक्त असेल तर फारच जपून. पीएचही सहा ते साडेसहातच ठेवायचा, कारण सातच्या वर गेला की कॅल्शियम फॉस्फेटचे खडे दारात उभे राहतात. घरी तपासायला रंग बदलणारी कागदी पट्टी पुरते. सकाळच्या पहिल्या लघवीत ती बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची.

पाणी मात्र दोघांनाही हवंच. रोज अडीच लिटर लघवी व्हावी इतकं. जळगाव-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्यासाठी चार लिटरही पोटात घालावे लागतील. १९९६ साली इटलीतच १९९ रुग्णांवर पाहिलं होतं. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना.

पण कोण थोरला आणि कोण धाकटा, हे ठरवायचं कशावरून? खड्यावरून. तो पडायच्या दिवसांत लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळायची, सापडला की कोरड्या डबीत घालून तपासणीला द्यायचा. लोक महिनाभर कळा सोसतात आणि शेवटी हाती आलेला पुरावा फ्लश करून टाकतात!

आता शेवटचा आकडा, आणि तो वाचायला खुर्ची घट्ट धरा. धाकट्यांच्या १२० मिलिग्रॅमच्या खड्यात युरिक ॲसिडचे रेणू आहेत सुमारे ४३ लाख कोटी कोटी. चूक नाही, कोटी दोनदाच आहे. पीएच साडेसहावर राहिला आणि समजा तीन महिन्यांत हा खडा पुरता विरघळला. तीन महिन्यांचे सेकंद होतात ७८ लाख. भागाकार येतो सेकंदाला पंचावन्न लाख कोटी रेणू. एका रेणूला एक रुपया लावा. भारत सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता. म्हणजे धाकटे साडू जेवताहेत, घोरताहेत, बसच्या रांगेत उभे आहेत, आणि त्यांच्या कमरेत दर सेकंदाला देशाच्या एका अर्थसंकल्पाहून मोठी रक्कम खर्ची पडते आहे. रात्रंदिवस, सलग नव्वद दिवस! थोरल्यांचा खडा त्याच गोळीने, त्याच नव्वद दिवसांत, एका रुपयानेही हलत नाही.